स्लॅकवर मदत मागताना

स्लॅकवर सहकाऱ्याकडे मदत मागणारा मेसेज एखाद-दुसऱ्या ओळीचा असतो आणि तो लिहायला अर्धा मिनिटही लागत नाही. लिहिणाऱ्याच्या मनात विनंतीच असते, तरी वाचणाऱ्याला तो पुष्कळदा हुकमासारखा लागतो. अशा वेळी ‘प्लीज’ लिहायचे राहिले असे समजले जाते. पण ‘प्लीज लवकर बघ’ हाही हुकूमच आहे. मेसेज हुकमासारखा लागतो तो त्यातून काही माहिती गळलेली असते म्हणून: काम नेमके काय आहे, त्याला किती वेळ लागेल, ते कधीपर्यंत हवे आहे आणि जमत नसेल तर पुढे काय. हे चार प्रश्न वाचणाऱ्याच्या गळ्यात पडले की तिला आपल्यावर काम टाकले गेल्यासारखे वाटते.

ऑफिसात कोणी टेबलापाशी येऊन ‘हे जरा बघ ना’ म्हणतो तेव्हा यातले बरेचसे न बोलता कळते. आवाज, चेहरा, हातातला कागद, उभे राहण्याची पद्धत यांतून काम किती मोठे आणि किती घाईचे याचा अंदाज येतो. समोरची व्यक्ती कामात बुडालेली दिसली तर मागणारा स्वतःच ‘नंतर येतो’ म्हणून परततो. स्लॅकवर शब्द तेवढे पोहोचतात. लिहिणाऱ्याला मात्र ही उणीव जाणवत नाही, कारण स्वतःचे वाक्य त्याला स्वतःच्याच आवाजात ऐकू येत असते. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे नेमके मोजले गेले. ईमेलमधले आपले कोणते वाक्य उपरोधाचे आणि कोणते गंभीर हे सुमारे ७८ टक्के वेळा ओळखले जाईल, असे लिहिणाऱ्यांना वाटत होते. प्रत्यक्षात ते सुमारे ५६ टक्के वेळाच ओळखले गेले. नुसत्या अंदाजाने सांगितले असते तरी निम्मी उत्तरे बरोबर आली असती. स्लॅकचा मेसेज ईमेलहून तुटक असतो, तेव्हा तिथे याहून चांगली अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही.

विनंती किती जड पडते याचा हिशेब पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषाअभ्यासकांनी १९७८ साली मांडला. त्यांच्या मते वजन तीन गोष्टींवर ठरते: दोघांमधले अंतर, दोघांमधला अधिकाराचा फरक आणि मागितलेल्या कामाचा भार. रोज सोबत जेवणाऱ्या मैत्रिणीला दोन मिनिटांच्या कामासाठी ‘बघ ना’ पुरते. तेच दोन शब्द दुसऱ्या टीममधल्या, कधी न भेटलेल्या व्यक्तीला अर्ध्या दिवसाच्या कामासाठी गेले तर खुपतात. पहिल्या दोन गोष्टी लिहिणाऱ्याच्या हातात नसतात. तिसरी असते, निदान ती उघड करून सांगणे तरी असते.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर टीममध्ये बिलांच्या प्रणालीवर काम चालू आहे. एका बिलाच्या पीडीएफवर आणि डेटाबेसमध्ये टॅक्सच्या रकमेत एका पैशाचा फरक पडतो. टॅक्सचा कोड सहा महिन्यांपूर्वी टीममधल्या एका सहकारिणीने लिहिला होता. आता ती वेगळ्या कामावर आहे. चूक शोधणारा तिला लिहितो:

‘अगं ते टॅक्सचं बघ ना, बिल चुकतंय. प्लीज लवकर.’

शब्द आपुलकीचे आहेत, तरी यातून तिच्या हाती काय लागते? कोणते बिल, हे कळत नाही. बघायचे म्हणजे सल्ला द्यायचा, चूक शोधायची की कोड दुरुस्त करून द्यायचा, तेही कळत नाही. ‘लवकर’ म्हणजे पाच मिनिटांत की संध्याकाळपर्यंत? शिवाय ‘चुकतंय’ या शब्दामुळे तिच्या जुन्या कामावर ठपका ठेवल्यासारखा होतो, आणि चूक तिची आहे हे तर अजून ठरलेलेच नाही. भार किती ते सांगितले नाही की वाचणारा तो मोठाच धरतो. हातातले काम सोडून लगेच उठावे लागणार, असा तिचा समज होतो.

आता तीच विनंती तिला हव्या त्या माहितीसह लिहिली तर अशी होते:

‘टॅक्सच्या राउंडिंगबद्दल एक प्रश्न आहे, पाचेक मिनिटांचा. १०.२० रुपयांच्या तीन वस्तू, १८ टक्के टॅक्स. पीडीएफवर ५.५२ येतो, डेटाबेसमध्ये ५.५१. कोड वाचून मला वाटतंय की पीडीएफ प्रत्येक ओळीचा टॅक्स वेगळा राउंड करतं आणि डेटाबेस एकूण रकमेचा. यातलं कोणतं ठरलं होतं, ते सांगता येईल का? उद्या दुपारी तीनपर्यंत कळलं तरी चालेल. आठवत नसेल किंवा वेळ नसेल तर तसं कळव, मी टीम लीडना विचारेन.’

हा मेसेज पहिल्याच्या कैक पट लांब आहे, पण वाचणारीचे काम त्याने कमी केले आहे. एका वस्तूवर १.८३६ रुपये टॅक्स होतो. तो आधी राउंड केला तर १.८४ आणि तिन्हींचे ५.५२. एकूण ३०.६० रुपयांवर काढला तर ५.५०८, म्हणजे ५.५१. हा हिशेब विचारणाऱ्याने आधीच केला आहे, त्यामुळे तिला शोधाशोध करायची नाही. दोनपैकी एक पर्याय आठवून सांगायचा आहे. स्वतः काय करून पाहिले हे सांगण्याचा उपयोग इथे दिसतो. त्याने मागणे लहान होते, आणि आपल्या वेळेची दुसऱ्याला कदर आहे हे तिला वेगळे सांगावे लागत नाही. ‘बिल चुकतंय’ च्या जागी दोन आकडे आले, म्हणून ठपकाही गेला.

क्रियापदाच्या रूपाकडेही पाहायला हवे. ‘सांग’ ही आज्ञा आहे. ‘सांगशील का’ हा प्रश्न आहे, पण तो इच्छेबद्दलचा आहे. त्याला नाही म्हणणे म्हणजे इच्छा नाही म्हणणे. ‘सांगता येईल का’ मध्ये प्रश्न परिस्थितीवर जातो. ‘आज नाही येणार गं, रिलीज आहे’ असे उत्तर देताना कोणाचे मन मोडत नाही. सोबत दुपारचा चहा घेणाऱ्यांत ‘सांग ना’ च ठीक. तिथे ‘सांगता येईल का’ परके वाटेल. अंतर वाढेल तसे ‘येईल का’ कडे सरकावे, आणि समोरची व्यक्ती ‘तुम्ही’ ची असेल तर तिथूनच सुरुवात करावी.

मेसेजमधले शेवटचे वाक्य सगळ्यांत सहज गळते आणि माझ्या मते तेच सगळ्यांत मोलाचे आहे. नकाराची वाट मोकळी नसेल तर कितीही गोड प्रश्न हा हुकूमच राहतो. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांच्या २००८ सालच्या अभ्यासात दिसले, की मदत मागणाऱ्यांना जितके होकार येतील असे वाटते त्याहून प्रत्यक्षात बरेच अधिक येतात. याचे कारण असे, की समोरच्याला नाही म्हणणे किती अवघड जाते याचा अंदाज मागणाऱ्याला नसतो. म्हणजे आलेला प्रत्येक होकार राजीखुशीचा असतो असे धरता येत नाही. ‘जमलं तर बघ’ ने ही वाट पुरती उघडत नाही, कारण जमले नाही तर मागणाऱ्याचे काम अडेल ही टोचणी राहतेच. ‘मी टीम लीडना विचारेन’ ने ती काढली जाते. मात्र हा दुसरा मार्ग खरा असावा आणि धमकीसारखा वाचला जाऊ नये. ‘नाहीतर लीडकडे जावं लागेल’ या शब्दांत तीच गोष्ट तक्रार होते.

हुकूम वाटू नये या भीतीने काही जण दुसऱ्या टोकाला जातात: ‘हाय! कशी आहेस? खूप बिझी असशील माहीत आहे, त्रास देतोय त्याबद्दल सॉरी, अजिबात घाई नाही, पण कधी वेळ मिळालाच तर…’ यातही काम काय ते कळत नाहीच, वर तिने या संकोचाची समजूत घालावी अशी अपेक्षा तयार होते. ‘घाई नाही’ लिहून दुपारी ‘काही कळलं का?’ असे विचारले तर पुढच्या वेळी त्या शब्दांवर तिचा विश्वास बसत नाही. खरी मुदत सांगणे हे खोट्या निवांतपणापेक्षा सौम्य असते.

नुसते ‘हाय’ पाठवून उत्तराची वाट पाहणे हा याचाच एक प्रकार. नोटिफिकेशनच्या पट्टीत सुरुवातीचे मोजके शब्दच दिसतात. तिथे ‘हाय’ दिसले तर काम सोडून ते उघडायचे की नाही हे तिला ठरवता येत नाही. ‘टॅक्सच्या राउंडिंगबद्दल एक प्रश्न, पाचेक मिनिटांचा’ दिसले तर ती तिथल्या तिथे ठरवते. अभिवादन हवेच असेल तर ते त्याच मेसेजात पहिल्या ओळीला जोडावे.

मेसेज कुठे टाकला यावरही त्याचा सूर बदलतो. एकीलाच माहीत असलेली गोष्ट तिला खासगीत विचारावी. सगळ्यांसमोर चॅनलमध्ये नाव घेऊन विचारले की उत्तर देण्याचा दबाव वाढतो. उलट, उत्तर कोणाकडेही असू शकेल असा प्रश्न चॅनलमध्ये कोणाचेही नाव न घेता विचारणे बरे. ज्याला सवड आहे तो पुढे येतो. `@here` ने मात्र चॅनलमधल्या त्या वेळी हजर असलेल्या सगळ्यांना सूचना जाते, ते एका पैशाच्या फरकासाठी नव्हे. रात्री अकराला सुचलेला प्रश्न सकाळी साडेनऊला जाईल असा वेळ लावून ठेवण्याची सोय स्लॅकमध्ये आहे. त्याच शब्दांना रात्री जो ताण येतो तो सकाळी येत नाही.

लिहिणारा टीम लीड असेल तर मात्र प्रश्नार्थक रूप पुरत नाही. त्याचे ‘सांगता येईल का’ कनिष्ठाला ‘सांग’ असेच ऐकू येते. त्याने अग्रक्रम स्वतः सांगायला हवा: ‘हे आजच्या रिलीजनंतर. रिलीज आधी.’ आणि काम खरोखर सोपवायचेच असेल तर विनंतीचा वेश न देता स्पष्टपणे सोपवावे. ऐच्छिक दिसणारे पण नाकारता न येणारे मागणे जास्त बोचते. ग्राहकांचे पैसे कापले जात आहेत आणि बिले तयार होत नाहीत, अशा वेळीही कोणी ‘येईल का’ ची वाट पाहू नये. ‘बिलिंग बंद आहे, आत्ता कॉलवर ये’ हे तेव्हा योग्यच, कारण घाईचे कारण वाक्यातच आहे.

उत्तर आले नाही तर ठरलेली वेळ उलटेपर्यंत थांबावे. त्याआधी पाठवलेले एकटे ‘??’ चांगल्या मेसेजचाही हुकूम करते. वेळ उलटल्यावर त्याच थ्रेडमध्ये एकदा लिहावे: ‘तीन वाजून गेले, तू कामात दिसतेस. मी लीडना विचारतोय, तू यात नाही पडलीस तरी चालेल.’ आणि उत्तर आले तर त्याचे पुढे काय झाले ते कळवावे: ‘एकूण रकमेचंच ठरलं होतं, पीडीएफ दुरुस्त केलं, आता दोन्हीकडे ५.५१ येतंय.’