कोलपिट्सचे दोन कपॅसिटर

कॉइल आणि कपॅसिटर एकत्र जोडले की त्यांच्यात ऊर्जेची ये-जा सुरू होते. मात्र कॉइलच्या तारेला रोध असतो, त्यामुळे ही ये-जा क्षणात विझते. ती चालू ठेवायची तर ट्रान्झिस्टरने दर फेरीला तूट भरून काढायला हवी, आणि त्यासाठी आंदोलनाचा थोडा अंश त्याच्या बेसवर परत आणायला हवा. हा अंश घ्यायचा कुठून? राल्फ हार्टली यांनी १९१५ मध्ये कॉइलच्या मधूनच तार काढली. वेस्टर्न इलेक्ट्रिकमधलेच त्यांचे सहकारी एडविन कोलपिट्स यांनी कॉइल अखंड ठेवून कपॅसिटरचे दोन भाग केले. त्यांनी पेटंटसाठी १९१८ मध्ये अर्ज केला आणि ते १९२७ मध्ये मिळाले. मधून तार काढलेली कॉइल गुंडाळण्यापेक्षा दोन कपॅसिटर विकत आणणे केव्हाही सोपे, त्यामुळे ही रचना आजही टिकून आहे.

जोडणी अशी: C1 कलेक्टर आणि जमिनीच्या मध्ये, C2 बेस आणि जमिनीच्या मध्ये, आणि कॉइल कलेक्टरपासून बेसपर्यंत. कॉइलमधून बॅटरीचा सरळ प्रवाह बेसवर जाऊ नये म्हणून तिच्याबरोबर एक मोठा कपॅसिटर घालतात. एमिटरही मोठ्या कपॅसिटरने जमिनीला जोडतात. हा विसरला तर गेन एकदम घसरतो आणि सर्किट मुकेच राहते.

आता खरे आकडे घेऊ. कॉइल १० मायक्रोहेन्री, C1 १०० पिकोफॅरड, C2 १००० पिकोफॅरड. कॉइलच्या बाजूने पाहिले तर हे दोन कपॅसिटर एकामागोमाग एक, म्हणजे सिरीजमध्ये आहेत.

C = C1 × C2 / (C1 + C2)

f = 1 / (2π√(LC))

C येतो सुमारे ९१ पिकोफॅरड, आणि वारंवारता ५.२८ मेगाहर्ट्झ. प्रत्यक्षात ती थोडी कमीच भरते. ट्रान्झिस्टरची आणि तारांची मिळून कॉइलला समांतर ५ पिकोफॅरड धारिता आली, तर आकडा ५.१४ वर येतो.

वारंवारता त्यांच्या सिरीज किमतीने ठरली. गेन ठरतो त्यांच्या गुणोत्तराने. दोन्ही कपॅसिटरमधून जवळपास तोच प्रवाह फिरतो, म्हणून लहान कपॅसिटरवर व्होल्टेज जास्त आणि मोठ्यावर कमी. आपल्या सर्किटात कलेक्टरवर १० मिलिव्होल्ट असतील, तर बेसवर १ मिलिव्होल्ट परत येतो, तोही उलट दिशेने. ट्रान्झिस्टर स्वतः दिशा उलटवतोच, त्यामुळे दोन उलट मिळून सुलट होते. आता त्याने त्या १ मिलिव्होल्टचे किमान १० करायला हवेत. थोडक्यात, लागणारा गेन C2 भागिले C1.

पण हा गेन म्हणजे डेटाशीटमधला बीटा नव्हे, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. बीटा शंभर असो की चारशे, इथे फारसा फरक पडत नाही. महत्त्वाचे हे, की बेसचे व्होल्टेज १ मिलिव्होल्टने हलले तर कलेक्टरचा प्रवाह किती हलतो. कलेक्टरवर २.२ किलोओहमचा रोध आहे. ठीकठाक कॉइलचा क्षय धरला तर परिणामी रोध सुमारे २ किलोओहम. त्यावर १० मिलिव्होल्ट उमटायला ५ मायक्रोअँपिअरचा बदल हवा. साध्या तापमानाला ट्रान्झिस्टर कलेक्टरच्या दर मिलिअँपिअरमागे असा सुमारे ४० मायक्रोअँपिअरचा बदल देतो. म्हणजे किमान गरज फक्त ०.१३ मिलिअँपिअरची.

प्रत्यक्षात ०.४ ठेवावा. नेमक्या सीमेवर तूट भरून निघते, पण आंदोलन वाढत नाही. आणि सुरुवात तर सर्किटातल्या क्षीण गोंगाटापासून व्हायची असते. तिप्पट गेन असला की आंदोलन फुगत जाते आणि ट्रान्झिस्टरचीच मर्यादा आली की स्थिरावते. फार जास्त ठेवला, तर लहर वेडीवाकडी होते. दोन्ही कपॅसिटर सारखे घेतले तर गेन फक्त १ लागतो, पण बेसवर कलेक्टरइतकेच व्होल्टेज आदळते.

ऑसिलोस्कोपवर एक गंमत दिसते. सर्किट गप्प असते, कलेक्टरला प्रोब लावला की सुरू होते आणि काढला की बंद! प्रोबचे बटण १× वर असेल तर तो स्वतःच सुमारे १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर असतो. C1 दुप्पट झाला, लागणारा गेन १० वरून ५ वर आला, आणि वारंवारताही ५.२८ वरून ३.९ मेगाहर्ट्झवर घसरली. अशा वेळी दोष जोडणीत शोधू नये, कलेक्टरचा प्रवाह वाढवावा. मोजायचे तर प्रोब १०× वर ठेवून बेसला लावावा. तिथल्या १००० पिकोफॅरडमध्ये पंधरा-वीसची भर पडली तरी वारंवारता ०.१ टक्क्याच्या आसपासच हलते.