स्टेशनपर्यंतची ३ किलोमीटर आणि इंजिनातला कार्बन

(भागाचं लेखी रूप. ऐकायला वेळ नसेल, लोकलमध्ये रेंज जात असेल, तर हे वाचा.)

आज गाडीच्या पोटात शिरायचंय. तळेगाव, वडगाव, कामशेत, मळवली, कुठल्याही स्टेशनाबाहेर सकाळी ८ वाजता जाऊन बघा, स्कूटरच स्कूटर. गावातून स्टेशनपर्यंत यायचं, गाडी लावायची, लोकल पकडायची. संध्याकाळी उतरायचं आणि परत तेवढंच अंतर. आणि यातल्या बऱ्याच जणांना सर्व्हिसिंगच्या वेळी कुणीतरी सांगितलेलं असतं, "इंजिनात कार्बन बसलाय, गाडी जवळच्या जवळ फिरते ना, म्हणून. डीकार्ब करून घ्या." यात खरं किती, हा आजचा विषय.

एक गाडी डोळ्यासमोर आणू. ११० सीसीची स्कूटर, नाणे मावळातलं एखादं गाव, कामशेत स्टेशन ३ किलोमीटरवर. महिन्यात २५ दिवस, दिवसाला दोन फेऱ्या. म्हणजे महिन्याला १५० किलोमीटर, वर्षाला १,८००. ऐकायला काहीच नाही. पण सकाळी गाडी रात्रभर गार पडलेली आणि संध्याकाळी दिवसभर गार पडलेली, म्हणजे वर्षाला ६०० वेळा ती गार इंजिनावर सुरू होते. दर ३ किलोमीटरला एक गार स्टार्ट! आता लोणावळ्यात दिवसभर पार्सल पोचवणारा मुलगा घ्या. तोही दर अर्ध्या किलोमीटरला थांबतो, पण त्याचं इंजिन सकाळी एकदा तापलं की तापलेलंच राहतं. तो ६० किलोमीटर फिरला तर त्यात गार स्टार्ट एक किंवा दोन. म्हणून "जवळच्या फेऱ्या" हा शब्दच थोडा फसवा आहे. अंतर कमी असल्यानं काही होत नाही, इंजिन तापायच्या आत बंद झाल्यानं होतं.

गार इंजिनात काय होतं? पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ व्हावी लागते. गार धातूवर ती नीट होत नाही, म्हणून इंजिनाचा कॉम्प्युटर (जुन्या गाडीत चोक) जास्तीचं पेट्रोल सोडतो. तापलेल्या इंजिनात साध्या पेट्रोलच्या १ किलोला हवा लागते साधारण १४.७ किलो. गार असताना त्याच हवेत पेट्रोल जास्त पडतं, मग सगळं जळायला ऑक्सिजन पुरत नाही आणि उरलेल्याची काजळी होते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते, त्यामुळे गार सकाळी ही ओढाताण थोडी वाढतेच. ही काजळी सगळ्यात आधी दिसते स्पार्क प्लगवर. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. ३ किलोमीटरच्या संथ फेरीत ते तितकं तापून टिकतच नाही, मग प्लग काळा पडत जातो आणि एक दिवस पावसाळी सकाळी गाडी रुसते.

म्हणजे काजळीपुरतं मेकॅनिकचं म्हणणं बरोबर. पण पिस्टनच्या माथ्यावर बसलेला कडक थर ही वेगळी गोष्ट आहे, आणि इथे बरेच जण गल्लत करतात.

तो थर पेट्रोलमधल्या जड घटकांचा आणि थोड्या ऑइलचा बनतो. धातू तुलनेनं गार असेल तिथे हे घटक चिकटतात, तापून करपतात, त्यावर पुढचा थर. पण तो कायम वाढत नाही. कार्बन उष्णता अडवतो. थर जाड झाला की त्याचा वरचा पृष्ठभाग जास्त तापायला लागतो, आणि पुरेसा तापला की नवीन माल त्यावर चिकटत नाही. म्हणून पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये थर भराभर वाढतो आणि मग साधारण आहे तिथेच थांबतो. गाडी बनवणाऱ्यांना हे माहीत असतं, तेवढी जागा ते धरूनच चालतात. गार फेऱ्यांनी हा थांबायचा टप्पा थोडा जाड होतो, इतकंच.

मग नुकसान काय? आपल्या ११० सीसीच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन १० ला १ धरू. पिस्टन अगदी वर असताना वरती उरलेली जागा फक्त १२.२ सीसी, साधारण अडीच चमचे. पिस्टनचा माथा आणि हेडची आतली बाजू मिळून ४४ चौरस सेंटिमीटर धरली आणि त्यावर ०.२ मिलिमीटरचा थर बसला, तर त्यानं जवळजवळ ०.९ सीसी जागा खाल्ली. कॉम्प्रेशन १० वरून १०.७ वर गेलं. वर तो थर उष्णता धरून ठेवतो, म्हणजे आत येणारी हवाही जास्त तापते. दोन्ही मिळून ठिणगीनं पेटलेली ज्वाळा पोचायच्या आतच उरलेलं पेट्रोल आपोआप भडकायला लागतं. याला नॉकिंग म्हणतात. खोपोलीहून खंडाळ्याच्या चढावर, मागे माणूस बसलेला, थ्रॉटल पूर्ण उघडलेला, आणि इंजिनातून खड्यांचा डबा हलवल्यासारखा कडकड आवाज, तो हाच. सपाट रस्त्यावर हा आवाज सहसा येत नाही. म्हणून चढ ही चांगली चाचणी आहे.

आता "घाट चढवून आण, सगळा कार्बन जळून जाईल" हा मावळातला आवडता सल्ला. अर्धा खरा आहे. तळेगाव ते लोणावळा जुन्या हायवेनं साधारण ३० किलोमीटर गाडी सलग चालवली तर प्लग साफ होतो आणि ऑइलमध्ये मिसळलेलं पेट्रोल आणि पाणी उडून जातं. पाणी कुठून आलं? १ लिटर पेट्रोल जळलं की साधारण १ लिटरच पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. इंजिन गार असेल तर त्यातली थोडी वाफ आतच थिजते. लोणावळ्याच्या पावसाळ्यात ऑइलच्या काडीवर पांढरट मलईसारखं काही दिसलं की लोक घाबरतात, हेड गॅसकेट गेलं म्हणतात. हवेनं गार होणाऱ्या स्कूटरमध्ये कूलंटच नाही, तर ते ऑइलमध्ये येणार कुठून! ती थिजलेली वाफ आहे, लांबच्या फेरीनं जाते. कडक थर मात्र घाटानं जात नाही. फार तर त्याचा एखादा पापुद्रा निघतो. म्हणजे महिन्यातून दोनदा लांब फेरी मारणं प्लग आणि ऑइलसाठी चांगलं, थरासाठी फारसं नाही.

डीकार्बला पैसे देण्याआधी आत बघा. मोबाइलला जोडायचा बारीक वायरचा कॅमेरा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. इंजिन गार असताना प्लग काढायचा, कॅमेरा भोकातून आत. राखाडी-तपकिरी, पातळ, सुका थर म्हणजे सगळं ठीक, गाडी बंद करून घरी जा. काळी मऊ काजळी म्हणजे गार फेऱ्या किंवा जास्तीचं पेट्रोल, त्यामुळे एअर फिल्टर आधी बघा. आणि काळा, ओला, तेलकट, जाड थर असेल तर इंजिन ऑइल पितंय. ऑइलची पातळी लिहून ठेवा आणि ५०० किलोमीटरनी परत मोजा. उतरली असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेत. अशा गाडीचं डीकार्ब म्हणजे गळक्या छताखालची फरशी पुसणं.

खरंच थर जाड आहे, चढावर नॉकिंग आहे, ऑइल ठीक आहे, मग उपाय काय? सगळ्यात सौम्य, पेट्रोलमध्ये ओतायचं क्लीनर. बाटलीवर पॉलिइथरअमाइन हा घटक आहे का ते बघा, कारण तो इंजिनाच्या आतल्या थरावरही काम करतो. बाकीची बरीच क्लीनर फक्त इंजेक्टर आणि इनटेक व्हॉल्व्हपुरती असतात. हे क्लीनर टाकलेलं पेट्रोल लांब फेरीत संपवा, नाहीतर ते गार इंजिनात काय करणार?

दुसरा प्रकार, प्लगच्या भोकातून फोम सोडणं. इंजिन कोमट हवं, पिस्टन वरच्या टोकाला. फोम भरायचा, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ थांबायचं. स्कूटरचा सिलिंडर जवळजवळ आडवा असतो, त्यामुळे पातळ द्रव खालच्या बाजूला साचतो आणि वरची बाजू कोरडी राहते, म्हणून फोमच वापरतात. नंतर सिरिंजनं द्रव ओढून घ्यायचा, भोकावर फडकं धरायचं, चावी बंद ठेवून किक मारत राहायची. द्रव आत राहिला आणि प्लग लावून स्टार्टर मारला तर द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. किक नसलेल्या गाडीवर हे घरी करू नका. आणि काहीही झालं तरी ऑइल बदलाच, कारण थोडा फोम रिंगांतून खाली उतरलेला असतो.

हायड्रोजनचं मशीन जोडून अर्धा तास गाडी नुसती चालू ठेवतात, त्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. आधीचा आणि नंतरचा कॅमेऱ्याचा फोटो दाखवा, असं म्हणा. दाखवला तर पैसे द्या.

सगळ्यात खात्रीचं काम म्हणजे हेड उतरवून हातानं साफ करणं. मेकॅनिक पिस्टन वर आणतो, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा जागी. कॅमची चेन तारेनं बांधून ठेवतो, नाहीतर ती आत पडते. हेडचे नट एकदम न काढता तिरक्या क्रमानं थोडे थोडे सैल करतो, म्हणजे हेड वाकत नाही. मग पिस्टनच्या कडेला बोटभर ग्रीस फिरवायचं, त्यात कार्बनचा चुरा अडकतो आणि रिंगांत जात नाही. खरवडायला लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी. तुमच्यासमोर कुणी स्क्रूड्रायव्हरनं खरवडायला लागला तर थांबवा. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की पुढचा कार्बन तिथेच घट्ट बसतो. व्हॉल्व्ह काढून, साफ करून, सीटवर घासून बसवायचे, आणि मग साधी परीक्षा: हेड उलटं करून पोर्टमध्ये थोडं पेट्रोल ओता. व्हॉल्व्हच्या कडेनं पाझरलं नाही तर काम जमलं. शेवटी नवीन गॅसकेट, नट टॉर्क पान्यानंच आवळायचे, टॅपेट परत सेट.

तुमच्या वडिलांना हे सगळं किरकोळ वाटेल. त्यांची चेतक, आकुर्डीत बनलेली, टू-स्ट्रोक होती. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, त्यामुळे एक्झॉस्टचं तोंड आणि सायलेन्सर कार्बननं बुजून जायचे आणि गाडी चढावर दम टाकायची. तेव्हा कार्बन काढणं हे नियमित कामच होतं. आजच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल वेगळं राहतं, त्यामुळे "दर सर्व्हिसिंगला डीकार्ब" याला काही अर्थ उरलेला नाही. नाणे मावळातल्या आपल्या त्या स्कूटरला वर्षाला लागतं काय? प्लग काढून बघणं, ऑइल किलोमीटर बघून नाही तर महिने बघून बदलणं, आणि शनिवारी कार्ल्यापर्यंत एक चक्कर.