जाहिरात आधी, रेझ्युमे मागून

बार्शीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात वडील हिशेब सांभाळतात. मुलगी यंदा बी.कॉम. झाली. पुण्यातल्या एका कारखान्याला अकाउंट्स असिस्टंट हवा होता. जाहिरातीत चार गोष्टी मागितल्या होत्या: टॅली, जीएसटीच्या नोंदी, बँक रिकन्सिलिएशन आणि एक्सेल. अनुभव शून्य ते एक वर्ष.

सायबर कॅफेतून आणलेल्या तिच्या रेझ्युमेत यातली टॅली तेवढी होती, तीही तळाला. वरची जागा जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती आणि छंद यांनी अडवली होती.

वडिलांनी जाहिरातीची प्रिंट काढली, मागणीच्या शब्दांखाली रेघा मारल्या आणि विचारलं, "शेवटच्या वर्षाला असताना तू दुकानात काय काय करायचीस?"

"काही नाही पप्पा, नुसती बिलं चढवायचे."

पहिल्या रेझ्युमेत खरी गफलत होते ती या 'नुसती'मुळे. ती खरेदीची बिलं टॅलीत नोंदवायची आणि महिन्याच्या १४ तारखेनंतर जीएसटीआर-२बीशी ताडून पाहायची. पुरवठादारांनी सरकारकडे दाखवलेली बिलं या तक्त्यात येतात. एखादं बिल त्यात नसेल, तर त्यावर भरलेल्या कराची वजावट दुकानाला मिळत नाही. एकदा रंगाच्या व्यापाऱ्याचं एक बिल असंच सुटलं होतं. तिनेच ते हुडकलं आणि फोन करून त्याला दाखवायला लावलं. रेझ्युमेत हे काम सर्वांत वर गेलं.

मग हुरूप येऊन तिने लिहिलं, 'जीएसटी रिटर्न भरले.' वडिलांनी पेन थांबवलं.

"रिटर्न सीए भरतात. थ्री-बीमध्ये आयटीसी कुठल्या टेबलात येतो, असं मुलाखतीत विचारलं तर काय सांगशील?"

तिला चौथं टेबल ठाऊक नव्हतं. 'रिटर्नसाठी खरेदीचे आकडे तयार करून सीएंना दिले,' असं वाक्य झालं. मागणीच्या जवळ जायचं, पण केलेल्या कामापलीकडे पाऊल टाकायचं नाही, ही वडिलांची शिस्त अगदी योग्य होती.

बँक रिकन्सिलिएशन तिने फक्त कॉलेजात केलं होतं, म्हणून ते शिक्षणाखाली गेलं. तिने तिथे 'बीआरएस' लिहिलं होतं. वडिलांनी जाहिरातीतला पूर्ण शब्दही घालायला लावला. बऱ्याच कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं, आणि ते जाहिरातीतले शब्द शोधतं. एक्सेलपुढे तिने खरोखर वापरलेली पिव्होट टेबल आणि व्हीलूकअप एवढीच नावं आली. छंद, धर्म गेले आणि सगळं एका पानात बसलं.

कॅफेवाल्याने आधीची प्रत स्कॅन करून दिली होती. या वेळी तिने वर्डमधूनच पीडीएफ बनवली. तुम्हीही पाठवण्याआधी फाइल उघडून त्यातला मजकूर कॉपी होतो का, ते पाहा. होत नसेल, तर तो नुसता फोटो आहे आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरला तो कोरा दिसू शकतो.