अकराच्या घरातल्या दहा संख्या

फ्रेंच गणिती पिएर द फर्मा याने 1640 साली आपल्या मित्राला पत्रातून एक नियम कळवला: p ही मूळ संख्या असेल आणि a ला p ने भाग जात नसेल, तर a चा (p−1) वा घात घेऊन p ने भागल्यास बाकी 1 उरते. सिद्धता त्याने दिली नाही. पुढे 1770 मध्ये एडवर्ड वेरिंग याने आपला विद्यार्थी जॉन विल्सन याच्या नावाने दुसरा नियम छापला: 1 पासून p−1 पर्यंतच्या संख्यांच्या गुणाकारात 1 मिळवला, तर p ने निःशेष भाग जातो. त्याचीही सिद्धता दोघांना जमली नाही. ती थोड्याच काळात लाग्रांजने दिली. आज हे दोन्ही नियम एकाच जागेवरून दिसतात, आणि ती जागा पाहण्यासारखी आहे.

p = 11 घेऊ. 1 ते 10 या संख्यांचा गुणाकार करायचा आणि 11 ने भागून फक्त बाकी ठेवायची. बाकी कधीच शून्य येत नाही, कारण 11 मूळ आहे. शिवाय 3 ने या दहाही संख्यांना गुणले तर दहा वेगवेगळ्या बाक्या येतात. दोन सारख्या आल्या असत्या, तर 3 गुणिले त्या दोन संख्यांमधला फरक याला 11 ने भाग गेला असता. म्हणजे त्यांत 1 येतोच: 3 × 4 = 12. अशी प्रत्येकीला जोडीदारीण मिळते, म्हणून या दहा संख्यांचा गट होतो.

आता 3 चे घात पाहा: 3, 9, 5, 4, 1. पाचव्या पायरीला 1 आला. या पाचांना 2 ने गुणले की 6, 7, 10, 8, 2 येतात, म्हणजे नेमक्या उरलेल्या पाच. गटाचे असे समान तुकडे नेहमीच पडतात, म्हणून तुकड्याची लांबी 10 ला भागणारच. पाचव्या घाताला 1, तर दहाव्यालाही 1. हाच फर्माचा नियम.

विल्सनसाठी जोड्या लावा: 2 व 6, 3 व 4, 5 व 9, 7 व 8. प्रत्येक जोडीचा गुणाकार 1. स्वतःच स्वतःचे जोडीदार फक्त 1 आणि 10, कारण x² − 1 म्हणजे (x−1)(x+1), आणि मूळ संख्या त्या गुणाकाराला भागत असेल तर दोहोंपैकी एका अवयवाला भागतेच. म्हणून एकूण गुणाकाराची बाकी 10. खरोखरच 36,28,801 ला 11 ने भाग जातो. 12 घेतले तर हे मोडते: जोडीदार असलेल्या संख्या 1, 5, 7, 11 एवढ्याच; त्या चारही स्वतःच्याच जोडीदार, आणि गुणाकाराची बाकी 11 न येता 1 येते.

फर्माची कसोटी मात्र फसू शकते. 2¹⁰ = 1024 = 3 × 341 + 1, म्हणून 2³⁴⁰ ला 341 ने भागल्यास बाकी 1 उरते; पण 341 = 11 × 31. विल्सनची कसोटी कधीच फसत नाही, कारण संयुक्त संख्येचा लहान अवयव त्या गुणाकारात आधीच असतो आणि 1 मिळवल्यावर त्याचा भाग जात नाही. तरी शंभर अंकी संख्येसाठी इतके गुणाकार करणे अशक्य आहे. घात मात्र वर्ग करत करत काहीशे पायऱ्यांत निघतो. म्हणून संगणकावर वापरल्या जाणाऱ्या मूळत्वाच्या कसोट्यांचा पाया फर्माचा आहे, विल्सनचा नाही.