कर जर्मनीत कापला, रिटर्न पुण्यात

समजा, पुण्यातला एक इंजिनीअर ३० सप्टेंबर २०२५ ला निघाला आणि दुसऱ्या दिवशी जर्मनीतल्या कंपनीत रुजू झाला. मार्चपर्यंतचा पगार तिथे मिळाला, करही तिथेच कापला गेला. भारतात आता फक्त सप्टेंबरपर्यंतचा पगार दाखवायचा, असं त्याला वाटेल. पण त्या आर्थिक वर्षात तो १८३ दिवस भारतात होता. १८२ दिवस भरले की माणूस करापुरता निवासी ठरतो आणि निवाशाला जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. बायको-मुलं, घर पुण्यातच असल्याने दोन देशांच्या करारातही तो भारताचाच निवासी धरला जाईल.

एकाच पगारावर दोनदा कर बसू नये म्हणून हा करार आहे. जर्मनीत भरलेल्या कराची वजावट भारतातल्या करातून मिळते, मात्र तिला मर्यादा आहे. जर्मनीतला कर आणि त्याच उत्पन्नावरचा भारतातला कर, यांतली कमी असेल ती रक्कमच मिळते.

समजा, प्रमाणित वजावटीनंतर त्याचं करपात्र उत्पन्न ३० लाख रुपये आहे आणि त्यातले १८ लाख जर्मनीतले. नव्या करप्रणालीत सेससह कर होतो ४,९९,२०० रुपये, म्हणजे सरासरी १६.६४ टक्के. या दराने १८ लाखांवरचा कर २,९९,५२० रुपये. जर्मनीत ४ लाख कापले गेले असले, तरी क्रेडिट २,९९,५२० रुपयांचंच. उरलेले १,००,४८० रुपये भारत परत करत नाही, पुढच्या वर्षीही ते वापरता येत नाहीत. भारतात भरायचा कर राहतो १,९९,६८० रुपये. त्यातून इथल्या पगारातला टीडीएस वजा होतो.

इथे दोन चुका सर्रास होतात. हातात आलेला पगार दाखवला जातो. दाखवायचा असतो तो कपातीआधीचा. आणि पेन्शन, आरोग्य विम्याची जर्मनीतली कपात कर म्हणून धरली जाते. ती आयकर नव्हे, तिचं क्रेडिट नाही.

रिटर्न आयटीआर-२ मध्ये भरायचं. त्याआधी आयकर पोर्टलवर फॉर्म ६७ भरून कर कापल्याचा पुरावा जोडावा. जर्मन कंपनीचं करप्रमाणपत्र जानेवारी ते डिसेंबरचं असतं, त्यामुळे २०२५ च्या प्रमाणपत्रात ऑक्टोबर ते डिसेंबर येतील. जानेवारी ते मार्चसाठी पगारपत्रकं लागतील. युरोचे रुपये करताना पगार मिळाला किंवा कर कापला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर धरायचा.

या वर्षासाठी फॉर्म ६७ ची मुदत ३१ मार्च २०२७ आहे. तो राहिला, तर विभागाच्या सूचनापत्रात क्रेडिटच्या जागी शून्य दिसतं आणि कराची मागणी व्याजासह येते. जर्मनीत तीनच महिने काम झाल्यामुळे २०२५ चं तिथलं रिटर्न भरल्यावर बराच कर परतही मिळू शकतो. तसं झालं, तर राहिलेल्या जर्मन करावरच क्रेडिट मोजायचं आणि इथलं रिटर्न दुरुस्त करायचं.