सहल रद्द करण्याचे पत्र

रद्दीकरण शुल्क बहुधा निघण्याच्या तारखेपासून मागे मोजतात आणि लेखी सूचना कंपनीला मिळालेला दिवस धरतात. फोनवरचे बोलणे त्यात गणले जाईलच असे नाही. समजा, २२ जणांची केरळ सहल २० डिसेंबरला आहे. एकूण रक्कम ३,९६,००० रुपये असून आगाऊ १,१०,००० भरले आहेत. करारानुसार ३० दिवस आधीपर्यंत १० टक्के आणि त्यानंतर २५ टक्के कपात आहे. २० नोव्हेंबरला ई-मेल पोहोचला तर ७०,४०० रुपये परत मिळतात. एक दिवस उशीर झाला तर जेमतेम ११,०००, कारण टक्केवारी आगाऊ रकमेवर नव्हे, एकूण रकमेवर लागते.

पत्रात बुकिंग क्रमांक, प्रवाशांची संख्या आणि भरलेली रक्कम द्यावी. तारीख बदलून चालणार असेल तर आधी दोन पर्यायी तारखा सुचवून दरातला फरक विचारावा. ‘सहल रद्द करा’ एवढेच लिहिले की तारीख बदलण्याची वाट बहुधा बंद होते. म्हणून अट घालावी: अमुक तारखेपर्यंत बदल मान्य न झाल्यास हेच पत्र, मिळाल्या दिवसापासून, रद्दीकरणाची सूचना समजावे. ही अट कंपनीने लेखी मान्य केली तरच भरवशाची. उत्तर न आल्यास शुल्काचा टप्पा बदलण्याआधी विनाअट सूचना पाठवावी. कपातीचा तपशीलही मागावा. विमान किंवा रेल्वे तिकिटांचे नियम वेगळे असतात.