आधीच्या जोडीदाराला पहिला मेसेज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

समजा, सात वर्षांपूर्वी दोघं वेगळे झाले. तो कामोठ्यात राहतो, ती खांदा कॉलनीत, आणि स्टेशन दोघांचं एकच, खांदेश्वर. मधल्या काळात बोलणं नाही. परवा संध्याकाळी पनवेल लोकलमधून उतरताना त्याला ती पुलावर दिसली. घरी येऊन त्याने मेसेज लिहायला घेतला. सगळे गैरसमज इथूनच सुरू होतात.

गैरसमज: एवढी वर्षं गेली, आता कुणाला काही वाटत नसेल.

कटू आठवणींची धार साधारणपणे गोड आठवणींपेक्षा लवकर बोथट होते, असं स्मरणशक्तीच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. त्याला भांडणं पुसट आणि पावसातली भटकंती ठळक आठवते, ती त्यामुळेच. पण हे सगळ्यांच्या बाबतीत सारखं होत नाही. मन खचलेलं असेल तर कटुपणा जास्त टिकतो. म्हणून स्वतःला हलकं वाटतंय यावरून समोरच्याचा अंदाज बांधता येत नाही. शिवाय त्याने या मेसेजचा विचार दोन दिवस केलेला असतो, आणि तिला तो भाजी चिरताना अचानक दिसतो.

गैरसमज: आधी मनापासून माफी मागावी, मग पुढचं बोलावं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथे. त्याचा पहिला मसुदा असा होता: 'तुला पाहिलं आणि सगळं आठवलं. मी खूप चुकलो. तू मला माफ केलंस का, एवढंच सांग.' वाचायला प्रामाणिक वाटतो, पण यात तिच्यावर तीन कामं पडतात. जुनं आठवायचं, निवाडा द्यायचा आणि त्याचं मन हलकं करायचं. जखम उघडते ती या मागणीने.

त्याने तो खोडला आणि हा पाठवला: 'नमस्कार, परवा खांदेश्वरला तू दिसलीस. बरी असशील अशी आशा आहे. कधी बोलावंसं वाटलं तर मला आवडेल. नाही वाटलं तर उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, मी पुन्हा विचारणार नाही.' नंबर कुठून मिळाला हा प्रश्न पडणार असेल तर तेही एका ओळीत सांगावं. तिच्या बहिणीकडून किंवा मैत्रिणीकडून चौकशी करून घेणं टाळावं, कारण मग तिला नकारसुद्धा चारचौघांत द्यावा लागतो. माफी खरी असेल तर ती भेटीत, तिने विषय काढल्यावर, नेमक्या गोष्टीबद्दल मागावी: 'तुझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी मी आलो नाही.' 'काही चुकलं असेल तर' ही माफी नव्हे.

गैरसमज: एकच टिक, म्हणजे ब्लॉक केलं. दुसऱ्या नंबरवरून विचारावं.

फोन बंद असला किंवा इंटरनेट नसलं तरी व्हॉट्सॲपवर एकच टिक राहते. निळ्या टिक दिसल्या नाहीत तर त्या सेटिंगमधून बंदही केलेल्या असू शकतात. टिकांवरून मन वाचता येत नाही. उत्तर आलं नाही तर ते नाही असंच धरावं आणि दिलेला शब्द पाळावा. आणि ब्लॉक केलंच असेल तर दुसरा नंबर म्हणजे बंद दाराला खांदा लावणं. स्त्रीने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही पुरुषाने पुन्हापुन्हा संपर्क साधला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली तो पाठलागाचा गुन्हा ठरतो, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद. आधीच्या नात्यात मारहाण झाली असेल किंवा कोर्टाचा संरक्षण आदेश असेल, तर पहिला मेसेजही पाठवू नये. मुलांचं किंवा पैशांचं काही असेल ते वकिलामार्फत.

गैरसमज: जुनं प्रेम पुन्हा जुळलं की टिकतंच.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नॅन्सी कॅलिश यांनी 1990च्या दशकात पुन्हा एकत्र आलेल्या हजारभर लोकांची माहिती गोळा केली आणि त्यांतली बरीच नाती टिकलेली आढळली. मात्र ही माणसं जुळल्यानंतर आपणहून पुढे आलेली होती, ज्यांचं जुळलंच नाही ती यात कमीच. शिवाय अनेक जोड्या तरुणपणी घरच्यांच्या विरोधासारख्या बाहेरच्या कारणांनी तुटल्या होत्या. विश्वासघाताने तुटलेल्या नात्याला हा निष्कर्ष लावू नये. दोघांपैकी कुणी आज विवाहित असेल तर कॅलिश स्वतः सावध करत, कारण 'नुसती विचारपूस' तिथे थांबत नाही.

तिचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं: 'बरी आहे. रविवारी सकाळी वेळ आहे.' जागा ठरवताना जुना अड्डा टाळला. स्टेशनजवळचं साधं हॉटेल, तासभर, एक चहा. येणं-जाणं आपापलं, घरी सोडण्याची गळ नाही. बोलणं आताच्या आयुष्याचं: नोकरी, आई-वडील, घर. ती सारखी फोन पाहू लागली, उत्तरं एका शब्दावर आली, तर तास भरायची वाट न पाहता उठायचं, हेही त्याने आधीच मनाशी पक्कं केलं. भेटीनंतर त्याने 'घरी पोहोचलो, भेटून बरं वाटलं' एवढंच कळवलं. पुढची भेट सुचवायची की नाही, हे तिच्यावर सोडलं.